ईसीजीच्या फोटोवरून हृदयाचा वेग मोजायचा कसा: मोठ्या चौकोनांची पद्धत

ईसीजीचा कागद मशीनमधून ठरावीक वेगाने सरकतो आणि त्यावरची जाळी हेच त्याचं घड्याळ असतं. भारतात जवळपास सगळीकडे हा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर ठेवतात. जाळीतला सगळ्यात बारीक चौकोन १ मिलिमीटरचा असतो, म्हणजे आडव्या दिशेने तो ओलांडायला ०.०४ सेकंद लागतात. असे पाच बारीक चौकोन झाले की एक जाड रेघ येते. दोन जाड रेघांमधला ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद, आणि ३०० मोठे चौकोन म्हणजे एक मिनिट.

पुढचं सगळं गणित या ३०० वर उभं आहे. एका ठोक्याच्या शिखरापासून पुढच्या ठोक्याच्या शिखरापर्यंत किती मोठे चौकोन आहेत ते मोजायचं आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं. चार चौकोन असतील तर ३०० भागिले ४, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके.

ही पद्धत फोटोवरही चालते, त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. फोटोत कागद लहान दिसतो, मोठा दिसतो, कुणी तिरका धरून काढला असेल तर एका बाजूला निमुळता होतो. पण जाळी कागदावरच असल्यामुळे आलेख जितका आक्रसतो किंवा ताणला जातो तितकीच जाळीही बदलते. चौकोनांची संख्या बदलत नाही. म्हणून फोटोवर मोजपट्टी ठेवून मिलिमीटर मोजू नका, आणि प्रिंट काढून त्यावरही नको. मोजायचे ते फक्त चौकोन.

मोजायला बसण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या पद्धतीने फक्त वेग कळतो. हार्ट अटॅक आलेल्या माणसाचाही वेग मिनिटाला ८० असू शकतो, त्यामुळे आकडा बरा आला म्हणून ईसीजी बरा असं कधीच समजू नये. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, घाम सुटणं यांपैकी काही चालू असेल तर चौकोन मोजत थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

आधी फोटो मोजण्याजोगा आहे का ते बघा

पहिल्यांदा कागदाच्या कडेचा मजकूर वाचा. बहुतेक वेळा खालच्या कडेला, कधी वरच्या, बारीक अक्षरांत `25 mm/s` आणि `10 mm/mV` असं छापलेलं असतं. यातला पहिला आकडा कागदाच्या वेगाचा, आपल्या कामाचा. दुसरा आकडा उंचीचा आहे, वेग मोजताना त्याची गरज नाही. नवख्याची गल्लत होते ती तिसऱ्याच ठिकाणी: शेजारीच अनेकदा `50 Hz` असंही लिहिलेलं असतं. तो विजेच्या तारांमधून येणारी खरखर गाळणाऱ्या फिल्टरचा आकडा आहे. तो वाचून कागद ५० च्या वेगाने चालला असं समजू नका. वेगाच्या आकड्यापुढे नेहमी `mm/s` किंवा `mm/sec` असतं.

खरोखरच `50 mm/s` छापलेलं असेल तर मात्र हिशोब बदलतो. जर्मनी आणि स्वीडनमध्ये हा वेग नेहमीच्या वापरात आहे, तेव्हा तिथे राहणाऱ्या नातेवाइकाने पाठवलेल्या फोटोत तो दिसला तर नवल नाही. आपल्याकडेही मशीनवरचं बटण चुकून दाबलं गेलं की पट्टी ५० वर निघते. त्या वेगाला एक मोठा चौकोन ०.१ सेकंदाचा होतो आणि ३०० च्या जागी ६०० घ्यावे लागतात. हे लक्षात आलं नाही तर मिनिटाला ८० ठोक्यांचा माणूस कागदावर ४० चा दिसतो. मजकूर फोटोत आलाच नसेल तर आलेखाच्या रूपावरून शंका घेता येते. ५० च्या पट्टीवर सगळंच आडवं ताणलेलं, पसरट दिसतं: ठोक्याचं टोक रुंद, त्यामागची टेकडी लांबलचक, मधली मोकळी जागा मोठी. पण ही फक्त शंका. खात्रीसाठी पूर्ण कागदाचा फोटो मागवावा.

मग जाळीकडे वळा. फोटो मोठा करून एका मोठ्या चौकोनात आडवे पाच बारीक चौकोन आहेत का ते मोजा. हे फालतू वाटेल, पण करा. मेसेजमधून पाठवताना चित्र दाबलं जातं, तेव्हा बारीक रेघा एकमेकींत मिसळून काही ठिकाणी खोट्या जाड रेघा दिसू लागतात. पडद्याचा फोटो काढला असेल तर हा प्रकार जास्तच होतो. कुठे पाच, कुठे तीन, कुठे सात बारीक चौकोन दिसत असतील तर ती जाळी फसवी आहे, तिच्यावर मोजणी करू नका. पाठवणाऱ्याला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ बारकाव्यासकट येईल.

फोटो तुम्हीच काढणार असाल तर कागद टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन कागदाला समांतर धरा, आणि चारही कडा चौकटीत येऊ द्या. ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेवर छापणारा, चकचकीत असतो. फ्लॅशचा पांढरा डाग नेमका दोन-तीन ठोक्यांवर पडतो आणि तिथली जाळी पुसून टाकतो. याच कारणाने तो कागद लॅमिनेटही करू नये, लॅमिनेशनच्या उष्णतेने अख्खा काळा पडतो. महिन्यांनी तो आपोआपही फिका होतो, म्हणून चांगला फोटो आजच काढून ठेवणं शहाणपणाचं.

शेवटी बघायचं ते हे, की आलेख सलग आहे का. लीड म्हणजे हृदयाच्या विजेचा एका ठरावीक दिशेने घेतलेला आलेख. मोठ्या कागदावरच्या बारा लीडच्या ईसीजीत वरच्या ओळींमध्ये थोड्या-थोड्या अंतरावर लीड बदलते, आणि सगळ्यात खाली बहुधा एकाच लीडची अखंड ओळ असते. तिच्या सुरुवातीला बहुतेकदा `II` लिहिलेलं असतं. मोजणीसाठी हीच ओळ घ्या. लहान दवाखान्यांत मात्र अजूनही एका चॅनेलची मशीन दिसते. ती अरुंद रोलवर एकामागून एक लीड काढते आणि नंतर ते तुकडे कापून कागदावर चिकटवतात. तिथे एका तुकड्यातल्या शेवटच्या ठोक्यापासून पुढच्या तुकड्यातल्या पहिल्या ठोक्यापर्यंत मोजलं तर आकडा पूर्ण चुकीचा येतो, कारण मधली वेळ कात्रीने काढून टाकलेली असते. मोजणी नेहमी एका तुकड्याच्या आतच करायची.

कुठलं शिखर धरायचं

प्रत्येक ठोक्यात तीन उठाव दिसतात. आधी एक छोटी गोल लाट, मग एकदम उभं टोकदार शिखर, आणि त्यानंतर एक रुंद टेकडी. डच शरीरशास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांनी त्यांना पी, क्यू, आर, एस, टी अशी सलग अक्षरं दिली आणि तीच आजवर चालत आली आहेत. ईसीजीवरच्या कामाबद्दल त्यांना १९२४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. छोटी गोल लाट पी, मधलं टोकदार शिखर आर, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा खाली जाणारा बारीक दात क्यू आणि एस, आणि मागची टेकडी टी.

मोजायचं ते आर ते आर. हे शिखर सगळ्यात अरुंद असल्यामुळे त्याची जागा एका बारीक चौकोनाच्या आत सांगता येते. टीची टेकडी रुंद असते, तिचं टोक नेमकं कुठे हे ठरवतानाच चूक होते.

काही वेळा टीची टेकडी आरइतकीच उंच होते. घाईत बघणारा तिलाही ठोका धरतो आणि वेग दुप्पट काढतो. ओळखायची खूण अशी की आरची चढण आणि उतरण जवळजवळ उभी असते आणि पायाशी तो साधारण दोन-अडीच बारीक चौकोनांत संपतो. टी मात्र सावकाश चढते आणि पायाशी एका मोठ्या चौकोनाच्या आसपास जागा घेते. शिवाय खरे ठोके मोजलेत तर शिखरांमधली अंतरं सारखी येतात. आर आणि टी एकाआड एक मोजलेत तर जवळ-लांब, जवळ-लांब असा क्रम येतो.

काही लीडमध्ये, विशेषतः `V1` वर, आर बारीक असतो आणि रेघ खोल खाली जाते. तिथे खालचं टोक धरा, काही बिघडत नाही. नियम एकच: पहिल्या ठोक्यात जो बिंदू घेतलात तोच दुसऱ्या ठोक्यातही घ्यायचा. वरचं टोक असेल तर दोन्हीकडे वरचं, खालचं असेल तर दोन्हीकडे खालचं. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या ईसीजीत ठोक्याच्या अगदी आधी केसासारखी बारीक उभी रेघ दिसते. ती पेसमेकरचा इशारा असते, तिला शिखर समजून मोजू नका.

प्रत्यक्ष मोजणी

अखंड ओळीत असा एक आर शोधा ज्याचं टोक जाड उभ्या रेघेवर किंवा तिच्या अगदी लगत आहे. बहुतेक पट्ट्यांवर एखादा तरी सापडतोच. फोनमध्ये फोटो संपादनाची जी पेन असते तिने त्या टोकावर ठिपका द्या आणि पुढच्या आरवर दुसरा.

आता शिखरापासून खाली जाळीवर येताना डोळ्याने सरळ खाली येऊ नका. फोटो किंचित तिरका असतोच. पडद्याची कड उभी असली तरी कागदाची उभी रेघ तिरकी असू शकते. त्यामुळे जाळीची जी उभी रेघ त्या टोकातून जाते, तिलाच धरून खाली या. दोन्ही शिखरं सारख्याच उंचीची असतील तर हा तिरकेपणा दोन्हीकडे सारखाच राहतो. पण एकीकडे टोक आणि दुसरीकडे पाया धरला तर एक-दीड बारीक चौकोनाची चूक सहज होते.

मोजताना पहिली जाड रेघ म्हणजे शून्य. नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच असते. पहिल्या रेघेलाच 'एक' म्हटलं की चौकोन मोजण्याऐवजी रेघा मोजल्या जातात. चार चौकोनांच्या कडेला रेघा पाच असतात. म्हणजे ज्याचा वेग ७५ आहे त्याचा ६० येतो. म्हणून बोट रेघेवर ठेवण्याऐवजी चौकोनाच्या पोटात ठेवा आणि चौकोन मोजा.

पूर्ण चौकोनांचे आकडे एकदा तोंडपाठ केले की भागाकार करावा लागत नाही. आर ज्या जाड रेघेवर आहे तिथून निघा आणि पुढच्या प्रत्येक जाड रेघेवर क्रमाने म्हणा: ३००, १५०, १००, ७५, ६०, ५०, ४३, ३८. दुसरा आर ज्या रेघेवर पडेल तो वेग. आर दोन रेघांच्या मध्ये पडला तर वेगही त्या दोन आकड्यांच्या मध्ये असतो. मोठ्या माणसाचा विश्रांतीतला वेग साधारण ६० ते १०० मानतात. म्हणजे दुसरं शिखर तिसऱ्या आणि पाचव्या रेघेच्या दरम्यान पडलं की वेग या पट्ट्यात आहे. लहान मुलांचा वेग मुळात जास्त असतो, आणि नियमित पळणाऱ्या किंवा पोहणाऱ्या माणसाचा ६० च्या खालीही असतो. त्यामुळे ही मर्यादा सगळ्यांना सरसकट लावू नये.

मधल्या आकड्यासाठी बारीक चौकोन कामाला येतात. एका मिनिटात बारीक चौकोन १,५०० असतात. दोन शिखरांमधले एकूण बारीक चौकोन मोजून १,५०० ला भागा. नाहीतर मोठ्या चौकोनांत दशांश वापरा: प्रत्येक बारीक चौकोन म्हणजे ०.२ मोठा चौकोन.

```
25 mm/s:  ठोके/मिनिट = 300 ÷ मोठे चौकोन
          ठोके/मिनिट = 1500 ÷ बारीक चौकोन
50 mm/s:  ठोके/मिनिट = 600 ÷ मोठे चौकोन
```

एक पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा लीड II ची अखंड ओळ आहे, कडेला `25 mm/s` वाचता येतं, आणि मोठ्या चौकोनात पाचच बारीक चौकोन दिसतात. ओळीतला तिसरा आर बरोबर जाड रेघेवर आहे. तिथून पुढे तीन मोठे चौकोन पूर्ण होतात आणि चौथ्या चौकोनात तीन बारीक चौकोन गेल्यावर पुढचा आर लागतो. म्हणजे ३.६ मोठे चौकोन, किंवा १८ बारीक. ३०० भागिले ३.६ केलं तर ८३ येतात. १,५०० भागिले १८ केलं तरी ८३.

इथे थांबू नका. एका अंतरावर भरवसा ठेवण्यापेक्षा पुढची पाच अंतरं बघा. समजा ती १८, १७, १८, १९ आणि १८ बारीक चौकोनांची आहेत. बेरीज ९०, म्हणजे पाच अंतरांना १८ मोठे चौकोन. आता सूत्र असं होतं: ३०० गुणिले ५, भागिले १८. उत्तर पुन्हा ८३. एखाद्या अंतरात एक बारीक चौकोन कमी-जास्त दिसणं स्वाभाविक आहे. श्वास आत घेताना आणि सोडताना हृदयाचा वेग थोडा बदलतोच, तरुणांत तर हा फरक याहून ठळक दिसतो.

शेवटची पडताळणी पूर्ण ओळीवरून करा. नेहमीच्या बारा लीडच्या कागदावर खालची अखंड ओळ १० सेकंदांची, म्हणजे ५० मोठ्या चौकोनांची असते. ते ५० चौकोन खरंच आहेत का हे एकदा मोजून घ्या. मग त्यातले आर मोजा आणि सहाने गुणा. आपल्या उदाहरणात १४ आर येतात, १४ गुणिले ६ म्हणजे ८४. चौकोनांनी ८३ सांगितलं, ठोक्यांनी ८४. जुळलं. या दुसऱ्या पद्धतीत एक ठोका इकडे-तिकडे झाला की उत्तर सहाने बदलतं, म्हणून १३ आर दिसून ७८ आले असते तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. फरक १०-१२ पेक्षा जास्त आला तर मात्र कुठेतरी टी मोजली गेली आहे, कागदाच्या वेगाचा आकडा चुकीचा वाचला आहे किंवा ठोके अनियमित आहेत.

वेग जास्त असेल तेव्हा

चौकोनांची पद्धत सावकाश वेगाला जितकी भरवशाची, तितकी जलद वेगाला नाही. कारण गणितातच आहे. दोन शिखरांमध्ये २० बारीक चौकोन असताना एक चुकला तर ७५ च्या जागी ७९ किंवा ७१ येतात, त्याने काही बिघडत नाही. पण अंतर १० च चौकोनांचं असेल तर वेग १५० असतो, आणि एका चौकोनाच्या चुकीने तो १६७ किंवा १३६ होतो. फोटोत रेघ जाडसर आणि पुसट असताना एका बारीक चौकोनाची चूक ही अगदी साधी गोष्ट आहे.

म्हणून शिखरं तीन मोठ्या चौकोनांपेक्षा जवळ असतील तर एक अंतर कधीच मोजू नका. सलग सहा अंतरं घ्या, म्हणजे सात शिखरं, आणि पहिल्यापासून सातव्यापर्यंतचे बारीक चौकोन एकदम मोजा. समजा ते ५७ भरले. १,५०० गुणिले ६, भागिले ५७, म्हणजे १५८. इथे एक चौकोन चुकला तरी उत्तर १५५ ते १६१ च्या आतच राहतं. चूक सहा अंतरांत वाटली जाते, म्हणून ती बोचत नाही. इथेही शिखरं सात आणि अंतरं सहा हे विसरू नका. सातने गुणलं की आकडा १८४ होतो.

ठोके अनियमित असतील तेव्हा

आधी अंतरं सारखी आहेत का ते ठरवायला हवं. कागदावर त्यासाठी सोपा उपाय आहे: दुसऱ्या कागदाच्या कडेवर दोन शिखरांच्या खुणा करायच्या आणि तो कागद पुढे सरकवत जायचं. फोटोवर मात्र हे करू नका. फोटो कोनातून काढला असेल तर दूरच्या बाजूचे चौकोन बारीक झालेले असतात, आणि नियमित ठोकेही तिकडे जवळ-जवळ आल्यासारखे दिसतात. फोटोत नियमितपणा तपासायचा तर प्रत्येक अंतराचे चौकोन वेगवेगळे मोजून आकडे खाली लिहावेत. वेळ लागतो, पण फसगत होत नाही.

आकडे आळीपाळीने थोडे वाढत-घटत असतील तर सरासरी चालते. मध्येच एक ठोका लवकर येऊन त्यानंतर मोठी फट पडली असेल तर त्या ठोक्याच्या आधीचं आणि नंतरचं अंतर, दोन्ही वगळा. लवकर आलेल्या ठोक्याआधीचं अंतर मोजलं तर वेग खोटा जास्त येतो, नंतरचं मोजलं तर खोटा कमी.

आणि अंतरांना काहीच क्रम नसेल, एक २ चौकोनांचं, पुढचं ४ चं, मग २.६ चं, मग ३.२ चं, तर आर ते आर पद्धत इथे सोडूनच द्या. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडण्याच्या विकारात आलेख असाच दिसतो. पहिलं अंतर घेतलं तर वेग १५०, दुसरं घेतलं तर ७५. दोन्ही गणितं बरोबर आहेत आणि दोन्ही आकडे निरुपयोगी. अशा वेळी लांब पट्टी घ्यायची. ३० मोठे चौकोन म्हणजे ६ सेकंद, त्यातले आर मोजून दहाने गुणा. पूर्ण १० सेकंदांची ओळ मिळाली तर तीच घ्या आणि सहाने गुणा. समजा ५० चौकोनांत १८ आर आले, तर वेग साधारण १०८. सुरुवातीच्या रेघेवरच आर असेल तर तो मोजा, शेवटच्या रेघेवर असेल तर सोडून द्या, नाहीतर एक ठोका उगाच जास्तीचा येतो. हा आकडा सांगताना 'ठोके अनियमित' हे शब्द त्याच्यासोबत गेलेच पाहिजेत. डॉक्टरांच्या दृष्टीने १०८ पेक्षा ती माहिती मोठी असू शकते.

स्मार्टवॉचच्या अ‍ॅपमधून निघणाऱ्या ईसीजीच्या पीडीएफमध्ये अनेकदा ३० सेकंदांची नोंद १०-१० सेकंदांच्या तीन ओळींत येते. अनियमित ठोक्यांसाठी ही सोय चांगली आहे: तिन्ही ओळींतले आर मोजा आणि दोनने गुणा. पण पीडीएफच घ्या. मोबाईलच्या पडद्यावर बोटाने सरकणारी जाळी ५ मिलिमीटरच्या हिशोबाची असेलच असं नाही, आणि तिचा स्क्रीनशॉट अर्ध्यातच कापला जातो.

जाळी दिसतच नसेल तर

लाल-गुलाबी जाळी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये उडून जाते आणि फक्त आलेख उरतो. कागद पूर्ण असेल आणि खालची ओळ १० सेकंदांची असल्याची खात्री असेल तर आर मोजून सहाने गुणणं हाच सरळ मार्ग.

ते जमत नसेल तर ओळीच्या सुरुवातीची किंवा शेवटची चौकोनी कमान शोधा. मशीन स्वतःची पातळी दाखवायला ती काढतं. `10 mm/mV` असताना तिची उंची १० मिलिमीटर, म्हणजे दोन मोठ्या चौकोनांएवढी असते. कमानीची उंची कागदाच्या कडेवर खुणेने घ्या, तीच आडवी धरा, आणि आर ते आर अंतरात ती किती वेळा बसते ते बघा. दीड वेळा बसली तर तीन मोठे चौकोन, वेग १००. हा उपाय फोटो सरळ समोरून काढलेला असेल तरच करा. इथे जाळीची साथ नसते, त्यामुळे तिरका फोटो किंवा कुणी ओढून ताणलेलं चित्र थेट उत्तरात उतरतं. आणि कडेला `5 mm/mV` छापलेलं असेल तर कमानीची उंची निम्मी असते, तेही बघून घ्या.

मशीनचा छापील आकडा आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर

बहुतेक मशीन वरच्या कोपऱ्यात वेग स्वतःच छापतात. तुमचा आकडा त्याच्या पाच-सातच्या आत असेल तर प्रश्न नाही. छापील आकडा तुमच्या बरोबर दुप्पट असेल तर मशीनने उंच टी लाटा ठोके म्हणून मोजल्या असण्याची शक्यता मोठी. छापील आकडा खूपच जास्त आणि आलेखाची रेघ केसाळ, थरथरती असेल तर पेशंट थंडीने किंवा भीतीने थरथरत होता, किंवा तार सैल होती, आणि मशीनने ती थरथर मोजली. अशा वेळी डोळ्यांनी मोजलेले आर जास्त विश्वासाचे.

उलट प्रकारही होतो आणि तो सहज ध्यानात येत नाही. ज्या रोलवर जाळी आधीच छापलेली असते, त्या मशीनमध्ये रोल अडकला किंवा रबरी रूळ झिजला की कागद हळू सरकतो. शिखरं जवळ येतात आणि चौकोन खोटा जास्त वेग सांगतात. छापील आकड्याला याचा धक्का लागत नाही, कारण तो मशीनच्या आतल्या घड्याळावरून काढलेला असतो. खूण अशी: तिथे फक्त शिखरांमधली मोकळी जागाच कमी होत नाही, पी, आर, टी सगळंच एकदम आकुंचन पावलेलं दिसतं, आणि बहुधा पट्टीच्या एकाच भागात. पट्टीचा तेवढा भाग सोडून द्या, किंवा ईसीजी पुन्हा काढून घ्या.

नाडीवर बोट ठेवून मोजलेला वेग ईसीजीपेक्षा कमी आला तर तीही चूकच असते असं नाही. लवकर आलेला ठोका कधीकधी इतकं कमी रक्त ढकलतो की मनगटापर्यंत त्याची लाट पोहोचतच नाही. ईसीजीवर तो दिसतो, नाडीत सापडत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये असा फरक वरचेवर दिसतो. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवावेत.

मोजणी झाली की डॉक्टरांना आकडा एकटा पाठवू नका. कोणत्या लीडवर, कागदाच्या कोणत्या वेगाने, किती अंतरांवरून मोजलं आणि ठोके नियमित होते का, हे चार तपशील जोडा: 'लीड II, 25 mm/s, पाच अंतरांना १८ मोठे चौकोन, वेग साधारण ८३, नियमित. मशीनवर ८२.' आणि त्यासोबत पूर्ण कागदाचा, चारही कडा दिसणारा फोटो, म्हणजे त्यांना हवं तर तेच चौकोन पुन्हा मोजता येतील.